रिकॉलच्या नोटिशीचा फोटो हातात आल्यावर: बाळाच्या दूध पावडरीचा डबा त्यात येतो का, आणि पुढे काय करायचं

बाळाच्या दूध पावडरीचा एखादा प्रकार कंपनीने परत मागवला, म्हणजे रिकॉल केला, की त्या नोटिशीचा फोटो काही तासांत फोनांवर फिरू लागतो. तो बहुतेक वेळा कडेने कापलेला, थोडा धुरकट आणि तारीख नसलेला असतो. घरात तेच नाव छापलेला डबा असला की पोटात गोळा येतो, आणि माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. घरातली सगळी पावडर फेकून देतात, किंवा आपला कोड फोटोत दिसत नाही म्हणून निश्चिंत होतात. यातली दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. अशा नोटिशीत तुमच्या डब्याचा पूर्ण कोड बरेचदा छापलेलाच नसतो. त्यात अटी दिलेल्या असतात, आणि त्या अटी आपल्या डब्याशी आपणच ताडून पाहायच्या असतात.

हे कसं करायचं ते एका खऱ्या नोटिशीवरून सांगते. ती २०२२ सालची आहे, म्हणून आज कोणाला जुना डबा शोधत बसायची गरज नाही. पण कोड वाचताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुकांची जागा या एका नोटिशीत सापडते, म्हणून तीच निवडली.

नोटीस काय होती

१७ फेब्रुवारी २०२२ रोजी अ‍ॅबट कंपनीने अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात स्टर्जिस इथल्या कारखान्यात तयार झालेली सिमिलॅक, ॲलिमेंटम आणि एलेकेअर या नावांची काही दूध पावडर परत मागवली. तोपर्यंत चार बाळांबद्दल तक्रारी आल्या होत्या. तीन तक्रारी क्रोनोबॅक्टर साकाझाकी या जिवाणूच्या संसर्गाच्या होत्या आणि एक साल्मोनेला न्यूपोर्टची. कारखान्याच्या तपासणीत क्रोनोबॅक्टर सापडला होता, पण पावडरीचा थेट स्पर्श होत नाही अशा भागांत. बाजारात गेलेल्या पावडरीच्या आपल्या तपासणीत हे जिवाणू सापडले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं.

हा शेवटचा तपशील लक्षात ठेवावा. रिकॉलमध्ये आलेला प्रत्येक डबा दूषितच असतो असं नाही. अमुक काळात, अमुक ठिकाणी तयार झालेल्या मालाची खात्री आता देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या डब्यात जिवाणू आहे की नाही हे वास घेऊन, रंग पाहून किंवा चाखून कळत नाही. पावडर निर्जंतुक नसतेच, आणि क्रोनोबॅक्टर कोरड्या पावडरीतही तग धरतो. म्हणून हातातल्या डब्याचा निर्णय फक्त छापलेल्या कोडवरून करायचा.

आधी फोटो तपासा, मग डबा

फोटोत चार गोष्टी शोधा: नोटीस कोणी काढली, कोणत्या तारखेला काढली, ती कोणत्या देशातल्या मालाबद्दल आहे, आणि कागदाच्या चारही कडा दिसतात का. कडा पाहायला सांगते, कारण नोटिशीतला सर्वांत कामाचा मजकूर बरेचदा खालच्या भागात असतो. तिथे कोणता माल रिकॉलमध्ये येत नाही ते लिहिलेलं असतं, आणि फोटो काढणारा नेमका मधला तक्ता पकडतो. २०२२ च्या नोटिशीत द्रव स्वरूपातलं तयार दूध रिकॉलमध्ये नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. ते वाक्य कापलेला फोटो ज्यांच्याकडे पोहोचला, त्यांना चांगल्या बाटल्याही फेकून द्याव्याशा वाटणार.

फोटोवरून नोटीस आली हे कळतं, त्याहून जास्त भार त्यावर टाकू नका. मूळ नोटीस शोधा. कंपनीचं नाव स्वतः टाइप करून तिच्या संकेतस्थळावर जा आणि आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेच्या पानावरही पाहा. फोटोतला क्यूआर कोड स्कॅन करू नका आणि त्यावरच्या फोन नंबरावर थेट फोन करू नका. नंबर हवाच असेल तर डब्याच्या लेबलवरचा घ्या. खऱ्या रिकॉलच्या गडबडीत पैसे परत देतो म्हणून बँकेची माहिती किंवा ओटीपी मागणारे लोकही कामाला लागतात. पैसे परत मिळायला ओटीपी सांगावा लागत नाही.

देशाचा मुद्दा जरा अवघड आहे. एकाच नावाची पावडर वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कारखान्यांतून येते, त्यामुळे दुसऱ्या देशाची नोटीस आपल्याला लागू असेलच असं नाही. पण नातेवाइकांनी परदेशातून आणलेला किंवा ऑनलाइन मागवलेला डबा घरात असेल, तर त्यासाठी ज्या देशात तो विकला गेला त्या देशाची नोटीस वाचावी लागते.

मूळ पान सापडलं की आणखी एक सवय सोडून द्या. आपला पूर्ण कोड पानाच्या शोधात टाकून पाहायचा आणि काही सापडलं नाही की सुटलो म्हणायचं, असं करू नका. या नोटिशीत पूर्ण कोडांची यादी नव्हतीच, त्यामुळे तसा शोध प्रत्येक डब्यासाठी रिकामा परत आला असता. कंपनीने कोड टाकून उत्तर देणारं वेगळं पान केलं असेल तर मात्र ते जरूर वापरा. तिथे अटी ताडण्याचं काम आपोआप होतं.

नोटिशीतल्या अटी

त्या नोटिशीत डबा ओळखण्याची रीत अशी होती:

```
कोडचे पहिले दोन अंक : 22 ते 37
आणि कोडमध्ये        : K8 किंवा SH किंवा Z2
आणि एक्स्पायरी      : 4-1-2022 (APR 2022) किंवा नंतरची
```

यात ‘आणि’ कुठे आहे आणि ‘किंवा’ कुठे आहे, ते बोट ठेवून वाचा. तीन ओळी एकमेकींना ‘आणि’ने जोडलेल्या आहेत, म्हणजे तिन्ही जुळल्या तरच डबा रिकॉलमध्ये येतो. दुसऱ्या ओळीच्या आतल्या तीन खुणा मात्र ‘किंवा’ने जोडलेल्या आहेत, त्यांतली कोणतीही एक पुरते. शिवाय या तिन्हींच्या आधी एक न लिहिलेली अट आहे: वस्तू नोटिशीत नाव घेतलेली पावडरच असली पाहिजे.

‘22 ते 37’ यात २२ आणि ३७ हे दोन्ही आकडे धरलेले आहेत. फोटोत मधली रेघ पुसट असेल तर ‘22, 37’ असं वाचलं जातं आणि मधले सगळे आकडे सुटून जातात. म्हणून ही ओळ मूळ पानावरूनच घ्या.

सगळ्यात मोठी गफलत तारखेत होते. आपण तारीख लिहिताना दिवस आधी आणि महिना नंतर लिहितो. अमेरिकेत महिना आधी असतो. त्यामुळे 4-1-2022 म्हणजे ४ जानेवारी नव्हे, १ एप्रिल. सुदैवाने या नोटिशीत कंसात APR 2022 असं लिहिलं होतं, म्हणून शंका फिटते. पण प्रत्येक नोटिशीत असा कंस मिळेलच असं नाही. तारखेतले दोन्ही आकडे बारा किंवा त्याहून लहान असले, की ती कोणत्या पद्धतीने लिहिली आहे हे आधी नक्की करा. त्याच नोटिशीत किंवा त्याच डब्यावर बारापेक्षा मोठा दिवस असलेली दुसरी तारीख सापडली, तर तिच्यावरून क्रम कळतो.

आणखी एक गोष्ट. इथे दिलेली तारीख एक्स्पायरीची आहे, उत्पादनाची नव्हे. डब्यावर दोन तारखा असतील तर कोणती कोणती ते त्यांच्या आधीच्या अक्षरांवरून ठरवा. MFG किंवा MFD म्हणजे उत्पादन. EXP, USE BY किंवा BEST BEFORE यांपैकी काही असेल तर ती मुदतीची तारीख.

डब्याच्या तळाचा कोड वाचताना

डब्याच्या बाजूला उभ्या काळ्या पट्ट्यांखाली लांबलचक आकडा असतो. तो बारकोड, बॅच नंबर नाही. त्या प्रकारच्या, त्या आकाराच्या प्रत्येक डब्यावर बारकोड सारखाच असतो, मग डबा कधीही तयार झालेला असो. तो कोणती वस्तू हे सांगतो, कोणत्या खेपेतली हे सांगत नाही. बॅच किंवा लॉटचा कोड नंतर यंत्राने शाईचे ठिपके उडवून छापतात, बहुतेक वेळा डब्याच्या तळाला. लेबलाच्या छपाईसारखा तो सुबक नसतो. त्याच्या शेजारी किंवा खाली एक्स्पायरी असते आणि कधी दोन टिंबांनी तोडलेली छपाईची वेळही असते. ती वेळ कोडचा भाग समजू नका.

तळ चकचकीत असल्यामुळे दिव्याखाली कोड नीट दिसत नाही. खिडकीजवळ जाऊन डबा थोडा तिरपा धरा, म्हणजे उजेड बाजूने पडेल आणि ठिपके उठून दिसतील. फोनने फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. हाताने पुसून पाहायचा मोह आवरा. ही शाई ओल्या बोटाने निघू शकते, आणि कोड गेला की डबा ओळखायची एकमेव खूण गेली.

ठिपक्यांच्या छपाईत काही अक्षरं आणि अंक जुळ्यासारखे दिसतात. 8 आणि B, 5 आणि S, 2 आणि Z, 0 आणि O या जोड्या नेहमीच्या. आता वरच्या अटी पुन्हा पाहा. शोधायच्या खुणा आहेत K8, SH आणि Z2. म्हणजे तिन्ही खुणांत घोटाळा होणारं निदान एक अक्षर किंवा अंक आहे. K8 हे KB वाटू शकतं, SH हे 5H वाटू शकतं आणि Z2 हे 22 वाटू शकतं. म्हणून कोड फोनवरच्या फोटोतून न पाहता आधी कागदावर एकेक अक्षर सुटं लिहून काढा. मग घरातल्या दुसऱ्या माणसाला तुमचा कागद न दाखवता डब्यावरून वाचायला सांगा. दोघांचं वाचन वेगळं आलं, तर त्याच डब्यावर तोच अंक दुसरीकडे कसा छापलाय ते पाहा. एक्स्पायरीच्या वर्षात 2 आणि 0 हमखास असतात. तिथला 2 वाकडा आणि कोडमधला ‘2’ कोनदार दिसत असेल, तर कोडमधला बहुधा Z आहे.

चार डबे ताडून पाहू

समजा नोटिशीच्या दिवसांत एका घरात चार डबे आहेत आणि चारही नोटिशीत नाव असलेल्या पावडरीचे आहेत. हे कोड केवळ सरावासाठी मी तयार केले आहेत.

```
पहिला   28541K80   EXP 01 MAY 2023
दुसरा   21533K80   EXP 01 JUN 2022
तिसरा   29460SH0   EXP 01 MAR 2022
चौथा    24388220   EXP 01 NOV 2022
```

पहिला डबा सरळ आहे. सुरुवातीचे दोन अंक २८, म्हणजे २२ ते ३७ मध्ये. कोडमध्ये K8 आहे. मुदत एप्रिल २०२२ नंतरची. तिन्ही अटी जुळल्या, डबा रिकॉलमध्ये आहे.

दुसऱ्यात K8 आहे, मुदतही नंतरची आहे, पण सुरुवात २१ ने होते. एक अट मोडली, म्हणून तो रिकॉलमध्ये नाही. इथे लोकांना K8 दिसताच धडकी भरते. तिन्ही अटी एकत्र वाचल्या तर हा डबा फेकायचं कारण उरत नाही. तरीही २१ म्हणजे खरंच २१ आहे ना, २७ तर नाही ना, हे एकदा तिरप्या उजेडात पाहून घ्या. ठिपके उडालेला ७ कधी १ सारखा दिसतो.

तिसऱ्या डब्यात पहिल्या दोन अटी जुळतात, पण मुदत १ मार्च २०२२ ची, म्हणजे १ एप्रिलच्या आधीची. नोटिशीप्रमाणे तो रिकॉलमध्ये येत नाही. मात्र मार्च उजाडला की त्याची मुदतच संपते, आणि मुदत संपलेली पावडर बाळाला द्यायची नसते. फेब्रुवारीत दहा-बारा दिवस उरलेत म्हणून बाकीच्या दोन अटी जुळणारा डबा वापरत राहावं का? मी वापरणार नाही, आणि कोणी विचारलं तर वापरू नका असंच सांगेन. अट काटेकोर वाचायची, पण कोडच्या दोन्ही अटी जुळून फक्त मुदत वेगळी असेल, तर तान्ह्या बाळाच्या बाबतीत शंकेचा फायदा डब्याला द्यायचा नाही.

चौथ्या डब्याचं काय करायचं? लिहिल्याप्रमाणे वाचला तर त्यात K8, SH किंवा Z2 यांपैकी काही नाही. पण शेवटच्या तीन आकड्यांकडे पाहा: 220. ते Z20 असू शकतं. तसं असेल तर तिन्ही अटी जुळतात. दोघांनी वाचूनही खात्री होत नसेल, तर कंपनीला तळाचा फोटो पाठवून विचारा आणि उत्तर येईपर्यंत डबा बाजूला ठेवा. ज्या डब्याचा कोड वाचता येत नाही तो रिकॉलमध्ये आहे असंच धरायचं.

हाच नियम बरणीत ओतलेल्या पावडरीला. मूळ डबा टाकून दिला असेल तर ताडून पाहायला काहीच उरत नाही. जुन्या पावडरीत नवी मिसळली असेल तर एका डब्याचा कोड सुटला तरी बरणी सुटत नाही.

डबा जुळला, तर आता

सगळ्यात आधी घरातल्या प्रत्येकाला सांगा. हे वाक्य साधं वाटतं, पण रात्रीचं दूध आई करते, दुपारचं आजी किंवा सांभाळणारी बाई करते, आणि नोटीस मात्र एकाच्याच फोनवर असते. पाळणाघरात दिलेला डबा, प्रवासाच्या पिशवीतली पुडी, आजोळी ठेवलेला जादा डबा, हे सगळं आठवून आठवून गोळा करा. फ्रिजमध्ये त्या पावडरीचं तयार दूध असेल तर ते ओतून द्या.

उघडलेला आणि न उघडलेला, दोन्ही डबे सारखेच. अर्धा डबा बाळाने पिऊन पचवला म्हणून उरलेला अर्धा चांगला ठरत नाही. जिवाणू पावडरीत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, एखाद्या चमच्यात असतात आणि शेजारच्या चमच्यात नसतात.

डबा टाकायच्या आधी त्याचे फोटो घ्या: समोरचं नाव, वजन, बारकोड, तळाचा कोड आणि मुदत. खरेदीची पावती किंवा ऑनलाइन ऑर्डरचं पान असेल तर तेही जपा. मग झाकण लावून डबा पिशवीत घाला, पिशवी बांधा, वर ठळक अक्षरांत ‘वापरू नका, रिकॉल’ असं लिहा आणि स्वयंपाकघराबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. लगेच कचऱ्यात टाकू नका. परतफेडीसाठी काही ठिकाणी डबा परत मागतात, काही ठिकाणी कोडचा फोटो पुरतो. हे नोटिशीत लिहिलेलं असतं. बाळ आजारी असेल तर डबा ठेवण्याचं याहून मोठं कारण आहे: डॉक्टरांना किंवा आरोग्य यंत्रणेला उरलेली पावडर तपासायची असू शकते. तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय डबा हातावेगळा करू नका.

हा डबा कोणाला देऊन टाकू नका, प्राण्यांनाही घालू नका. आणि ‘पाणी जास्त उकळून करू, मग काही होत नाही’ हा उपाय करू नका. किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पावडर कालवली तर क्रोनोबॅक्टरचा धोका बराच कमी होतो, हे खरं आहे. पण ती रोजच्या वापरातली खबरदारी आहे. घरी बाटलीत ओतेपर्यंत पाणी किती अंशांवर आलं हे कोणी मोजत नाही, आणि रिकॉल केलेली पावडर वापरण्याचा तो परवाना नव्हे.

आता भांडी. डब्यातला चमचा नव्या डब्यात वापरू नका, टाकून द्या. बाटली, बूच आणि झाकण सगळं सुटं करून गरम पाण्याने साबण लावून धुवा, निर्जंतुक करा आणि हवेवर पूर्ण कोरडं होऊ द्या. ओलसर बाटलीवर झाकण लावून ठेवणं टाळा. ज्या ओट्यावर दूध कालवता तो, सिंक आणि डबा ठेवायचं कपाट पुसून घ्या. सिंककडे मुद्दाम लक्ष द्या, कारण क्रोनोबॅक्टर स्वयंपाकघरातल्या अशा ओल्या जागीही राहू शकतो. शेवटी हात धुवा.

बाळ ते दूध आधीच प्यायलं असेल तर

हा प्रश्न मनाला सगळ्यात जास्त खातो. रिकॉल झालेल्या पावडरीचं दूध प्यायलेली बहुतेक बाळं आजारी पडत नाहीत. क्रोनोबॅक्टरचा संसर्ग दुर्मीळ आहे. पण तान्ह्या बाळात झाला तर तो रक्तात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो आणि जिवावर बेततो, म्हणून त्यात वाट पाहत बसायचं नसतं. सर्वांत जास्त धोका दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना, वेळेआधी जन्मलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना असतो.

पाहायचं काय? ताप येणं, किंवा अंग नेहमीपेक्षा गार पडणं. दूध नीट न ओढणं. थांबवता न येणारं रडणं किंवा उलट फार मलूल पडणं. कण्हल्यासारखा श्वास. त्वचा किंवा डोळे पिवळे दिसणं. अंगाच्या विचित्र हालचाली किंवा झटके. यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, बाळाला डॉक्टरांकडे न्या. साल्मोनेलात जुलाब, ताप, पोटात दुखणं असतं आणि शौचात रक्तही दिसू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘पावडर खराब होती’ असं सांगू नका. ‘या नावाची पावडर, हा कोड, अमुक तारखेला डबा उघडला, शेवटचं दूध काल रात्री दिलं, रिकॉलचं कारण क्रोनोबॅक्टर’ असं सांगा. हीच ओळ कागदावर लिहून आणि फोटो फोनमध्ये ठेवून गेलात तर घाबरलेल्या अवस्थेतही काही सुटत नाही. बाळ ठणठणीत असेल तर धावपळ करून तपासण्या करायची सहसा गरज नसते. डॉक्टरांना फोन करून सांगा आणि लक्ष ठेवा. बाळ वर सांगितलेल्या जास्त धोक्याच्या गटातलं असेल तर मात्र त्यांना त्याच दिवशी विचारा.

मग आज बाळाला द्यायचं काय

डबा बाजूला ठेवला तरी तीन तासांनी बाळाला भूक लागणारच. नोटिशीच्या फोटोत याचं उत्तर नसतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर घाईत चुका होतात.

साधी पावडर असेल तर रिकॉलमध्ये नसलेली, त्याच वयोगटासाठीची दुसरी पावडर बहुतेक बाळांना चालते. एक-दोन दिवस शौचाचा रंग किंवा वेळ बदलू शकतो. द्रव स्वरूपातलं तयार दूध निर्जंतुक केलेलं असतं, ते मिळालं तर लहान बाळासाठी उत्तम. खास पावडरींचं तसं नसतं. ॲलिमेंटम आणि एलेकेअर या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी किंवा पचनाचे त्रास असलेल्या बाळांसाठी आहेत. एलेकेअरमध्ये तर प्रथिनांऐवजी सुटी अमिनो आम्लं असतात. अशा बाळाला दुकानातला समोर दिसेल तो डबा दिला तर रिकॉलपेक्षा मोठं संकट त्याच रात्री उभं राहू शकतं. इथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नका.

पावडर पुरवायची म्हणून पाणी वाढवू नका. पातळ दुधाने बाळाच्या रक्तातलं सोडियम खाली जातं आणि झटके येऊ शकतात. घरच्या घरी पावडरीसारखं मिश्रण करायच्या कृतीही याच काळात फिरतात. त्यांत क्षारांचं आणि पोषणाचं प्रमाण बाळाला झेपेल असं नसतं, म्हणून तिकडे वळू नका. २०२२ मध्ये त्या रिकॉलनंतर अमेरिकेत पावडरीचा मोठा तुटवडा झाला होता. अशा वेळी अटींत न बसणारे चांगले डबे घाबरून फेकलेल्या घराला पुन्हा पावडर मिळवणं कठीण जातं. कोड नीट वाचायचा आग्रह मी एवढ्यासाठीही धरते.

नोटीस वाढते, फोटो वाढत नाही

२८ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे पहिल्या नोटिशीनंतर अकरा दिवसांनी, कंपनीने रिकॉलमध्ये आणखी एक वस्तू घातली: सिमिलॅक पीएम ६०/४० या खास पावडरीचा एक लॉट. ती पावडर प्यायल्याचं सांगितलं गेलेल्या आणि क्रोनोबॅक्टर आढळलेल्या एका बाळाच्या मृत्यूची माहिती मिळाल्यावर हे पाऊल उचललं गेलं. मृत्यूचं कारण तीच पावडर होती असं तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. त्या लॉटचे कोड असे दिले होते:

```
डब्यावर    27032K80
खोक्यावर   27032K800
```

हा कोड १७ फेब्रुवारीच्या अटींवर ठेवून पाहा. सुरुवात २७ ने, आत K8. तरीही पहिल्या नोटिशीत ही पावडर नव्हती, कारण त्या नोटिशीत घेतलेल्या वस्तूंमध्ये ती नव्हती. ज्या घराकडे पहिल्या दिवसाचाच फोटो होता, ते पुढेही निर्धास्तच राहिलं असतं. आणि खोक्यावरच्या कोडात शेवटी एक शून्य जास्त आहे. डबा हातात घेऊन कोणी खोक्याच्या ओळीशी ताडलं तर ‘आपला कोड एका आकड्याने कमी आहे, म्हणजे वेगळा’ असं वाटून जाईल. नोटिशीत दोन प्रकारचे कोड असतील तर कोणता डब्याचा आणि कोणता बाहेरच्या खोक्याचा, हे आधी विचारा.

म्हणून एकदा ताडून पाहिलं की काम संपत नाही. अधिकृत पानावरची ‘शेवटचा बदल’ ही तारीख लिहून ठेवा, पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी ते पान पुन्हा उघडा, आणि तारीख बदललेली दिसली तर घरात उरलेले सगळे डबे, पहिल्या वेळी सुटलेले सुद्धा, नव्या अटींवर पुन्हा ताडा. तुम्ही ज्यांना फोटो पुढे पाठवला होता त्यांना आता फोटोऐवजी त्या पानाचा पत्ता पाठवा.